फिल्म स्वच्छ, तरी अल्ट्रासॉनिकमध्ये दोष: कोणावर विश्वास ठेवायचा?

प्रश्न: २५ मि.मी. कार्बन स्टील प्लेटचा बट वेल्ड आहे, सिंगल व्ही, ६० अंशांचा, सीओटू वेल्डिंग. रेडिओग्राफीची फिल्म एकदम स्वच्छ आली, डाय पेनिट्रंटमध्येही काही नाही. अल्ट्रासॉनिकवाल्याने मात्र वेल्ड नाकारला. रिपोर्ट असा: ६० अंशांचा प्रोब, बीम पाथ ८२ मि.मी., खोली ९ मि.मी., मध्यरेषेपासून १० मि.मी., लांबी ११० मि.मी., फक्त एकाच बाजूने दिसला. फॅब्रिकेटर म्हणतो, दोन टेस्ट पास आहेत आणि फिल्म हा पुरावा आहे. नक्की कोण चुकतंय? एडी करंट करून निकाल लावता येईल का?

उत्तर:

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला वाटतं, कोणीच चुकलेलं नाही. फिल्म स्वच्छ असणं खरं, डाय पेनिट्रंट कोरं निघणं खरं आणि दोषही बहुधा खराच. तिन्ही टेस्टना वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आणि तिघींनी आपापलं उत्तर दिलं. त्यामुळे दोन विरुद्ध एक अशी मतमोजणी इथे चालत नाही. पाहायचं ते एवढंच, की ज्या प्रकारच्या दोषाचा संशय आहे तो कोणत्या टेस्टला मुळात दिसू शकतो.

संशय साइडवॉल लॅक ऑफ फ्यूजनचा आहे, म्हणजे वेल्ड मेटल बेव्हलच्या भिंतीला चिकटून बसलं पण भिंत वितळलीच नाही. असा दोष म्हणजे एक सपाट फट असते. लांबी भरपूर, उंची तीन-चार मिलिमीटर आणि जाडी जवळपास नाहीच. सीओटू वेल्डिंगमध्ये तो इतर प्रक्रियांपेक्षा जास्त सापडतो, कारण करंट कमी पडला किंवा टॉर्चचा कोन बिघडला तरी मणी वरून सुरेख दिसतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. साध्या रॉडने वेल्ड केलं असतं तर फटीत स्लॅग अडकला असता आणि फिल्मवर निदान एक काळी रेघ उमटली असती. सीओटूमध्ये स्लॅग नगण्य, त्यामुळे फट रिकामी आणि घट्ट मिटलेली राहते.

आता फिल्मकडे येऊ. रेडिओग्राफीत किरण जाडीतून आरपार जातात आणि वाटेत स्टील किती कमी भेटलं तेवढंच फिल्मवर काळेपणातून दिसतं. तुमच्या बेव्हलची भिंत उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली आहे आणि नेहमीच्या शॉटमध्ये किरण उभे येतात. फटीची जाडी ०.०५ मि.मी. धरा. तिरकं ओलांडताना किरणाला त्या फटीत मिळालेली वाट ०.०५ भागिले साइन ३०, म्हणजे ०.१ मि.मी. २५ मि.मी. स्टीलमध्ये ०.१ मि.मी.चा फरक म्हणजे ०.४ टक्के. फिल्मची संवेदनशीलता २ टक्क्यांची असेल, म्हणजे पेनिट्रामीटरवर साधारण ०.५ मि.मी.चा फरक दिसतोय, तर ०.१ मि.मी. दिसायचं कारणच नाही. तो फरक फिल्मवर थोडा पसरून येतो, म्हणून डोळ्याला आणखीच अवघड जातो. त्याच वेल्डमध्ये दीड मिलिमीटरचं गॅसचं छिद्र असतं तर फरक ६ टक्के झाला असता आणि नवशिक्यालाही गोल काळा ठिपका दिसला असता.

म्हणून रेडिओग्राफी पोरॉसिटी, स्लॅग, टंगस्टनचे कण, रूटमध्ये राहिलेली पोकळी अशा आकारमान असलेल्या दोषांसाठी उत्तम आहे. सपाट दोष तिला तेव्हाच दिसतात जेव्हा किरण त्यांच्या पातळीला जवळजवळ समांतर जातात. रूटमधली उभी भेग दिसू शकते, कललेली फट निसटते. प्लेटमधलं लॅमिनेशन तर किरणांना आडवं पडलेलं असतं, ते फिल्मवर येतच नाही. फॅब्रिकेटरला फिल्मवरच समाधान हवं असेल तर एक मार्ग आहे: ११० मि.मी.च्या त्याच पट्ट्यावर उगम ३० अंश कलवून, बेव्हलच्या रेषेत किरण जातील असा आणखी एक शॉट घ्या. आता किरण फटीच्या चार मिलिमीटर उंचीतून लांबीच्या दिशेने जातील आणि सरळ, बारीक काळी रेघ उमटण्याची शक्यता खूप वाढेल. कोणत्या बाजूची भिंत संशयित आहे ते आधी नक्की करा, नाहीतर उगम उलट्या दिशेला कलेल आणि फिल्म पुन्हा स्वच्छ येईल. कोन पाच-सात अंशांनी हुकला तरी रेघ पुसट होते, म्हणून तिरका शॉटही कोरा आला तर तेवढ्यावर दोष नाही असं मी म्हणणार नाही.

डाय पेनिट्रंटबद्दल थोडक्यात. ते द्रव फक्त पृष्ठभागावर तोंड उघडं असलेल्या फटीत केशाकर्षणाने शिरतं आणि डेव्हलपर ते परत बाहेर ओढतो. तुमचा दोष ९ मि.मी. खोल आहे, त्याचं तोंड बाहेर नाही. ती टेस्ट पास झाली याचा अर्थ पृष्ठभागावर उघडी भेग नाही, एवढाच. तोसुद्धा टेस्ट नीट झाली असेल तरच. आधी कॅप ग्राइंड केली असेल तर मऊ धातू भेगेच्या तोंडावर लेपला जातो. वाट पाहण्याचा वेळ दहा मिनिटांऐवजी दोन मिनिटं ठेवला, किंवा जास्तीचा रंग पुसताना सॉल्व्हंट थेट वेल्डवर फवारला, तर भेगेतला रंगही धुऊन जातो. मी कापडावर सॉल्व्हंट घेऊन पुसायला लावतो, फवारू देत नाही. तसं पाहिलं तर कार्बन स्टीलच्या पृष्ठभागासाठी मॅग्नेटिक पार्टिकल जास्त बरं, कारण वरच्या थराखाली थोडं दबलेलंही त्यात दिसतं. पण ९ मि.मी. खोलीचा प्रश्न तेही सोडवणार नाही.

आता अल्ट्रासॉनिककडे, कारण निकाल इथेच आहे. ध्वनिलहर स्टीलमधून जाते आणि हवेच्या फटीवर आपटली की जवळपास सगळी परत फिरते. फट केसाहून कितीतरी पातळ असली तरी चालतं, इथे फटीची जाडी महत्त्वाची नाही. महत्त्वाचं हे, की लहर फटीवर काटकोनात आपटली का. काटकोनात आपटली तर प्रोबकडे परत येते, नाहीतर आरशासारखी दुसरीकडे निघून जाते. म्हणजे फिल्मला जो दोष सगळ्यात अवघड, तोच योग्य कोनाच्या प्रोबला सगळ्यात सोपा. उलट गोल छिद्र लहर सगळीकडे विखुरतं आणि प्रोबला त्यातला थोडाच भाग परत मिळतो. पोरॉसिटीच्या बाबतीत मी अल्ट्रासॉनिकपेक्षा फिल्मवर जास्त भरवसा ठेवतो तो यासाठी.

भिंत उभ्यापासून ३० अंश कललेली असेल तर तिला काटकोनात जाणारी दिशा उभ्यापासून ६० अंशांवर येते. म्हणजे या जोडासाठी ६० अंशांचा प्रोब ही योगायोगाची निवड नाही. फक्त एक अडचण आहे: व्ही वर उघडा असल्याने जवळची भिंत खालच्या बाजूला तोंड करून असते. वरून खाली जाणारी लहर तिला काटकोनात भेटत नाही. लहर तळावर आपटून वर येते, त्या दुसऱ्या टप्प्यात भेटते. कागदावर व्ही काढून ६० अंशांची रेघ तळावरून परावर्तित करा, लगेच लक्षात येईल.

आता तुमचे आकडे तपासू. ६० अंशांत हिशेब सोपा आहे: खोली पाथच्या निम्मी आणि आडवं अंतर पाथच्या ०.८७ पट. २५ मि.मी. जाडीत लहर तळाला ५० मि.मी. पाथवर पोचते आणि परत वरच्या पृष्ठभागाला १०० मि.मी.वर. तुमचा इको ८२ वर आहे, म्हणजे दुसरा टप्पा. ८२ चे निम्मे ४१, ते दुप्पट जाडीतून म्हणजे ५० मधून वजा केले की खोली ९ मि.मी. रिपोर्टशी जुळलं. आडवं अंतर ८२ गुणिले ०.८७, म्हणजे सुमारे ७१ मि.मी. रिपोर्टमधले १० मि.मी. बरोबर असतील तर प्रोबचा इंडेक्स पॉइंट मध्यरेषेपासून ८१ मि.मी. अंतरावर असला पाहिजे. हे अंतर तुम्ही दिलेलं नाही, ते विचारून घ्या.

बेव्हलची भिंत ९ मि.मी. खोलीवर कुठे आहे? रूट फेस २ मि.मी. आणि रूट गॅप ३ मि.मी. धरला तर भिंतीचा तो बिंदू रूट फेसच्या १४ मि.मी. वर येतो. १४ गुणिले टॅन ३० म्हणजे ८.१, त्यात निम्मा गॅप १.५ मिळवला की ९.६ मि.मी. रिपोर्ट म्हणतो १०. तुमचा रूट फेस आणि गॅप वेगळा असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून ड्रॉइंगवरून पुन्हा करा. पण इको मूळ बेव्हलच्या रेषेवर बसतो हे फार बोलकं आहे. नीट वितळलेल्या जोडात फ्यूजनची हद्द मूळ बेव्हलच्या एक-दोन मिलिमीटर आत सरकते. जिथे भिंत वितळलीच नाही तिथे ती जागची हलत नाही, म्हणून साइडवॉलचा दोष बरोबर कापलेल्या बेव्हलवरच सापडतो.

आता 'फक्त एकाच बाजूने दिसला' याबद्दल. फॅब्रिकेटरला ही रिपोर्टची कमजोरी वाटत असेल. पलीकडच्या बाजूने ही भिंत काटकोनात भेटते ती पहिल्या टप्प्यात, वरून खाली जाताना. ९ मि.मी. खोलीसाठी तो पाथ १८ मि.मी. आणि आडवं अंतर साधारण १५.६ मि.मी. दोष मध्यरेषेच्या पलीकडे १० मि.मी.वर आहे, म्हणजे प्रोब मध्यरेषेपासून जेमतेम साडेपाच मिलिमीटरवर उभा करावा लागेल. तिथे कॅप आहे, प्रोब टेकणारच नाही. दुसऱ्या टप्प्यात लहर या भिंतीला चाटून पुढे जाते, परत येत नाही. त्यामुळे त्या बाजूचं मौन दोषाच्या विरोधात जात नाही. कॅप ग्राइंड करून सपाट केली आणि प्रोब तिथे फिरवला तर इको दिसायला हवा. ही तपासणी जरूर करा.

असं असलं तरी अल्ट्रासॉनिकवाला चुकू शकतो, आणि तो कसा चुकतो हे मी स्वतः अनुभवलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका कामावर मी रूटमध्ये लांब भेग आहे म्हणून जोड नाकारला. उघडल्यावर काही निघालं नाही. दोन प्लेट तळाशी दीड मिलिमीटरने वरखाली बसल्या होत्या आणि त्या पायरीचा इको मी भेग समजलो होतो. पाथ जवळपास तळाचाच होता आणि मी खालून डोकावून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते. त्यानंतर नाकारण्याआधी मी ठरलेल्या काही गोष्टी पाहिल्याशिवाय सही करत नाही. त्या तुमच्या ऑपरेटरसमोर उभं राहून करून घ्या.

पहिली जाडी. ज्या ठिकाणी प्रोब फिरला तिथे सरळ प्रोबने प्रत्यक्ष जाडी मोजा. २५ ऐवजी २४ निघाली तर खोली ९ ऐवजी ७ होते आणि दोषाची जागा हलते. त्याच वेळी सरळ प्रोबने प्लेटमध्ये लॅमिनेशन नाही ना हेही पाहून होतं, कारण लॅमिनेशन असेल तर तिरकी लहर तळापर्यंत पोचण्याआधीच वळते आणि सगळा हिशेब खोटा पडतो.

दुसरा प्रोबचा खरा कोन. वापराने प्रोबचा तळ झिजतो आणि ६० लिहिलेला प्रोब ५८ चा होतो. ५८ अंशांत तुमचा दोष ९ ऐवजी ६.५ मि.मी. खोलीवर येतो. व्ही-१ ब्लॉकवर इंडेक्स पॉइंट आणि कोन दोन्ही तपासायला पाच मिनिटं लागतात. रिपोर्टमध्ये मोजलेला कोन लिहिलेला नसेल तर पुन्हा करायला सांगा.

तिसरी गोष्ट, कॅपचा इको नाही ना. दुसऱ्या टप्प्यात वर आलेली लहर कॅपच्या उंचवट्यावरून परतते आणि नवखा माणूस तिलाच दोष समजतो. इको स्क्रीनवर धरून ठेवा आणि कपलंट लावलेलं बोट कॅपवर दाबत फिरवा. इको कॅपचा असेल तर बोटाखाली तो खाली-वर होतो. आतल्या दोषाचा असेल तर ढिम्म हलत नाही. तुमच्या बाबतीत कॅपचा इको १०० मि.मी.च्या आसपास किंवा पुढे यायला हवा आणि तुमचा ८२ वर आहे, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते. तरीही बोट लावून पाहाच.

चौथी सगळ्यात उपयोगी. त्याच जागी ४५ आणि ७० अंशांचे प्रोब लावा, प्रत्येक प्रोबला त्याच ठोकळ्यावरचा संदर्भ इको समान पातळीला आणून. सपाट फट असेल तर ६० वर इको उंच उभा राहील आणि बाकी दोन्हींवर बराच पडेल, कारण ४५ पंधरा अंशांनी आणि ७० दहा अंशांनी काटकोनापासून हुकतात. स्लॅगचा तुकडा किंवा छिद्रांचा पुंजका असेल तर तिन्ही कोनांत इको साधारण सारखाच, आणि बऱ्याचदा तुटक टोकांचा. प्रोब जागेवर थोडा फिरवून पाहिला तरी हाच फरक दिसतो: सपाट दोषाचा इको चटकन पडतो, गोल दोषाचा रेंगाळतो. ही तपासणी एवढ्यासाठी महत्त्वाची, की एएसएमई सेक्शन आठसारख्या संहितेत इको लॅक ऑफ फ्यूजन ठरला तर लांबी कितीही असो, तो नामंजूर. स्लॅग ठरला तर लांबीची मर्यादा लागते. तुमच्या कामाला कोणती संहिता लागू आहे त्यावर शेवटचा शब्द ठरेल.

एडी करंटने निकाल लागेल का? या जोडात नाही. कॉइलमधल्या प्रत्यावर्ती प्रवाहाने धातूच्या वरच्या थरात भोवरे उमटतात आणि भेग आडवी आली की ते वळसा घेतात, तोच बदल कॉइलला जाणवतो. पण हे भोवरे खोलवर जात नाहीत. १०० किलोहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये ते साधारण पाव मिलिमीटर पोचतात, ऑस्टेनिटिक स्टेनलेसमध्ये सव्वा मिलिमीटरच्या थोडं पुढे. कार्बन स्टील चुंबकीय असल्याने तिथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वारंवारता उतरवून खोली थोडी वाढते, पण ९ मि.मी. आवाक्याबाहेरच राहतात. शिवाय भोवरे पृष्ठभागाला समांतर फिरतात, म्हणून पृष्ठभागाला समांतर असलेला दोष त्यांना अडवतच नाही. ही पद्धत मी हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, विमानाच्या पत्र्यातली रिव्हेटची भोकं, किंवा रंग न काढता वेल्डच्या काठावरच्या थकव्याच्या भेगा शोधायला वापरतो. तिथे ती डाय पेनिट्रंटपेक्षा सरस ठरते, कारण रंगाच्या थरावरूनही काम होतं.

एक गोष्ट सांगून ठेवतो. जोड स्टेनलेसचा असता तर मी अल्ट्रासॉनिकच्या बाजूने इतक्या ठामपणे बोललो नसतो. ऑस्टेनिटिक वेल्डचे मोठे, लांबट कण लहरीला वाकवतात आणि विखुरतात. तिथे ८२ वर दिसलेला इको प्रत्यक्षात दुसरीकडचाही असू शकतो. कार्बन स्टीलमध्ये ती अडचण नाही.

या चार तपासण्यांनंतर इको टिकला तर मी दुरुस्तीला पाठवेन, आणि तेव्हा खात्री डोळ्यांनीही करून घेईन. दोषाच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे पंचवीस-तीस मिलिमीटर जागा धरून खूण करा. वरून गाउजिंग ६ मि.मी. खोलीपर्यंत करा आणि मग थांबा. गाउजिंग करतच राहिलात तर फट वितळून जाते आणि फॅब्रिकेटर म्हणतो, पाहा, काहीच नव्हतं. पुढचं ग्राइंडरने अर्धा-अर्धा मिलिमीटर काढा आणि दर थराला मॅग्नेटिक पार्टिकल किंवा डाय पेनिट्रंट करा. फट उघडी पडली की जे डाय पेनिट्रंट आधी कोरं होतं तेच आता बेव्हलच्या रेषेवर सरळ लाल रेघ दाखवेल. तिचा फोटो पट्टी ठेवून घ्या, खोली लिहा. साधारण ७ ते ११ मि.मी.च्या दरम्यान ती सापडायला हवी. १३ पर्यंत गेलात आणि काहीच नाही, तर ग्राइंडिंग थांबवून तिथल्या तिथे प्रोब पुन्हा लावा, कारण कोन किंवा जाडी कुठेतरी चुकलेली आहे.

दोष पूर्ण निघाल्यावर खाचेच्या भिंती उताराच्या ठेवा. दुरुस्तीची खाच अरुंद आणि उभ्या भिंतीची ठेवली तर त्याच जागी पुन्हा लॅक ऑफ फ्यूजन येतो, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय. वेल्ड थंड झाल्यावर त्याच बाजूने त्याच ६० अंशांच्या प्रोबने तपासा, आणि जोडीला फिल्मही घ्या, कारण घाईत केलेल्या दुरुस्तीत पोरॉसिटी हमखास येते आणि ती फिल्मलाच नीट दिसते. खाचेच्या नव्या भिंतींचा कोन जुन्या बेव्हलसारखा राहिलेला नसतो. तो ग्राइंडिंगनंतर मोजून ठेवा आणि तपासणीत त्या कोनाला साजेसा आणखी एक प्रोब घ्या.